सकाळी द्या, संध्याकाळी न्या, वॉरंटी लिहून घ्या

आमच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाच्या पाटीवर, बिलावर आणि व्हॉट्सॲप स्टेटसला ही एकच ओळ आहे. परवा एका नव्या गिऱ्हाइकाने विचारलं, "मस्त जमलीय, कुठल्या जाहिरातवाल्याकडून लिहून घेतली?" जाहिरातवाला कसला! त्यातल्या एकेका शब्दाचे मी पैसे मोजलेत. म्हणून म्हटलं, एकदा सगळं लिहूनच टाकावं.

२००८ साली सांगलीत विश्रामबागला मी आणि माझ्या मेहुण्याने भागीत सहा बाय आठचा गाळा घेतला. तेव्हा नोकियाचे सेट असायचे. माईक, रिंगर, कीपॅडची पट्टी, फार तर पाण्यात पडलेला सेट धुऊन द्यायचा. सामान म्हणजे एक सोल्डरिंग, एक हॉट एअर आणि तीस व्होल्ट पाच अँपिअरचा डीसी पॉवर सप्लाय. तो सप्लाय आजही टेबलावर आहे. डाव्या नॉबची टोपी कधीच हरवली, तिथं बाटलीचं बूच बसवलंय. हल्ली कोर्स करून आलेली पोरं आधी मायक्रोस्कोप घेतात आणि त्याचे फोटो टाकतात. पोरांनो, आधी सप्लाय घ्या. सेटची बॅटरी काढून चार व्होल्टवर क्लिपा लावल्या की तो स्वतःच बोलतो. पॉवर बटण न दाबता आकडा शून्यावर राहिला, तर आत करंट गळत नाही. बटण दाबल्यावर आकडा वर चढला आणि खालीवर नाचायला लागला, तर सेट चालू होतोय. पण बटणाला हात न लावताच वीस-तीस मिलिअँपिअर दाखवले, तर आत कुठंतरी करंट गळतोय. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं माझंच नाक त्यानं कापलंय.

मधली दहा वर्षं बरी गेली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

२०१८च्या दिवाळीत समोरच्या रांगेत एक दुकान आलं. काचेचा दरवाजा, एसी, आणि बोर्ड : '३० मिनिटांत डिस्प्ले, लाइफटाइम वॉरंटी'. भाव माझ्या निम्मा. महिन्याभरात माझं डिस्प्लेचं काम अर्ध्यावर आलं. लोकांना वाटायचं, मी इतकी वर्षं लुटत होतो. एकाने तर काउंटरवर तसं म्हणूनही दाखवलं. ते अजून डोक्यातून गेलेलं नाही.

तिथून फोल्डर, म्हणजे टचसकट डिस्प्ले, टाकून घेतलेले सेट पुढं माझ्याकडेच यायचे, म्हणून भेद कळला. मूळ अ‍ॅमोलेड फोल्डर असलेल्या सेटला ते साधा एलसीडीवाला कॉपी फोल्डर लावत. हे ओळखायला उघडायची गरज नाही. काळा फोटो पूर्ण पडद्यावर लावा आणि दिवा बंद करा. अ‍ॅमोलेडचा पडदा दिसेनासा होतो, एलसीडीचा राखाडी उजेड देत राहतो. कॉपी जाड असतो, म्हणून कडेला नख अडकतं. आणि पडद्याखाली बोटाचा ठसा घेणारा सेट असेल तर ठसा चालणारच नाही, कारण एलसीडीच्या मागच्या बॅकलाइटमधून सेन्सरला बोट दिसत नाही. गिऱ्हाइकाला सांगायचे, "अपडेटमुळं झालं, पुढच्या अपडेटला येईल." आणि लाइफटाइम म्हणजे कुणाचं लाइफ? माणसाचं, फोनचं की दुकानाचं? कागद मागितला की "आम्ही आहोत ना इथंच."

पण खरं सांगायचं तर मला बुडवलं ते समोरच्याने नाही. त्याच्या बोर्डाला उत्तर म्हणून मीही तोंडी बोलायला लागलो होतो. काहीही काम असो, देताना म्हणायचं, "तीन महिने बघायचं नाही, काय झालं तर घेऊन या." कागद नाही, अट नाही.

मग ऑगस्ट २०१९ चा महापूर. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. आमच्या गल्लीत पाणी आलं नाही, पण पेठेतली, गावभागातली माणसं सेट पिशवीत घालून माझ्या दारात उभी. वहीत ११२ सेट आहेत. कुणी तांदळात ठेवून आणलेले. तांदूळ आतलं पाणी ओढत नाही, उलट भुकटी चार्जिंगच्या खाचेत जाऊन बसते. कुणी चालू होतो का बघायला रोज चार्जर लावलेला. पुराचं पाणी म्हणजे गाळ, मैला, डिझेल, सगळंच. बॅटरी जोडलेली असताना ते बोर्डावर राहिलं की तांबं खायला सुरुवात होते. तुमचा फोन पडलाच पाण्यात, तर चार्जर लावू नका, बंद करा, सिम काढा आणि त्याच दिवशी उघडून बॅटरी सोडवून घ्या. त्यात एक रात्र गेली तरी फरक पडतो.

नियम असा की बोर्डावरचे पत्रे, म्हणजे आयसीवरची शील्डं, हॉट एअरने उचलायची, खालची जागा आयपीए या अल्कोहोलने ब्रश करायची, मग अल्ट्रासॉनिकमध्ये धुवायची, वाळवायची आणि सप्लायवर गळती बघायची. एका सेटला दोन-अडीच तास. मी काय केलं? पत्रे न उचलता नुसते धुतले, ब्लोअर मारला आणि सेट चालू झाला की दिला. कित्येकांवर सप्लाय बटणाआधीच वीस-पंचवीस मिलिअँपिअर दाखवत होता. मी बघत होतो आणि म्हणत होतो, चालतोय ना. वर तीन महिन्यांचा शब्द.

त्यातला एक सेट दिवाणजींचा. मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी म्हणून ते बसतात. माझ्या पहिल्या वर्षापासूनचं गिऱ्हाईक, समोरचं दुकान आल्यावरही तिकडं न गेलेलं. तेविसाव्या दिवशी, अनंत चतुर्दशीच्या आसपास, सेट टेबलावर ठेवून म्हणाले, "कॅमेऱ्यापाशी हात लाव." चटका बसला. उघडला, बॅटरी काढून सप्लाय लावला, तर बटणाआधीच थेट दीड अँपिअर. आता पत्रा उचलला. खाली हिरवट पांढरी बुरशी धरावी तसा थर. रोझिनचा, म्हणजे राळेचा, धूर धरून बोर्ड पांढरा केला, एक व्होल्ट सोडलं, आणि मेन लाइनवरच्या एका कपॅसिटरवरचं रोझिन वितळून तेवढाच काळा ठिपका उघडा पडला. मोहरीपेक्षा बारीक वस्तू. ती काढली, भंगार बोर्डावरची लावली. पण शेजारच्या आयसीचे पायही खाल्लेले होते. सेट आठ दिवस चालला आणि कायमचा गेला.

दिवाळीपर्यंत ४६ सेट परत आले. प्रत्येकाला मी तीन महिन्यांचा शब्द दिलेला. पैसे परत दिले, काहींना जुने सेट दिले. पुण्याच्या होलसेलवाल्याने उधारी बंद केली. आणि त्याच आठवड्यात मेहुण्याने भाग काढून घेतला, एक लाख ऐंशी हजार, रोख पाहिजे म्हणाला. दर भाऊबीजेला आम्ही शेजारी बसून जेवतो, हा विषय निघत नाही. मी काढत नाही, त्याने काढायला हवा होता.

गाळा सोडायचा विचार दिवाणजींना सांगायला यार्डात गेलो. त्यांनी ऐकलं आणि समोरची एक हिशेबपट्टी माझ्याकडं सरकवली. "वाच लेका." शेतकऱ्याचं नाव, पोती, वजन, भाव, मग खाली हमाली, तोलाई, प्रत्येकाची वेगळी ओळ. म्हणाले, "माल ओला निघाला तर ओला लिहितो. शेतकरी शिव्या देतो, पण ओळीला देतो. तू माझ्या ओल्या मालाला वाळल्याची पट्टी दिलीस."

त्याच रात्री बिलबुक नव्यानं छापायला टाकलं. डिस्प्ले : ९० दिवस, टच न चालणं, रेघ, ठिपका यांसाठी, फुटणं, दाबणं, पाणी यांसाठी नाही. बॅटरी : सहा महिने, फुगली किंवा पहिल्यापेक्षा निम्मीच टिकली तर बदलून. चार्जिंग पिन : ३० दिवस. पाण्याचा सेट : वॉरंटी नाही, चालू झाला नाही तर फक्त तपासणीचे दीडशे. फोल्डर कॉपी की मूळ, तेही शब्दात लिहायचं. पार्टवर तारखेचं बारीक स्टिकर आणि माझी सही, तोच नंबर बिलावर. स्टिकर फाटलेलं म्हणजे मधे कुणीतरी उघडलंय.

गिऱ्हाइकाला माहीत नसतं, पण डिस्प्लेवर होलसेलवाला आम्हाला फक्त टेस्टिंगची वॉरंटी देतो. वरची फिल्म सोलली किंवा जोडणीची पट्टी वळवली की माल परत घेत नाही. म्हणजे ९० दिवस माझ्या खिशातले. म्हणून फोल्डर आधी न चिकटवता नुसता जोडायचा, सॅमसंग असेल तर डायलरवर `*#0*#` टाकून लाल, हिरवा, निळा पडदा बघायचा, टचच्या चौकटी बोटाने भरायच्या, गिऱ्हाइकासमोर. मग फिल्म.

आणि हीच 'संध्याकाळी न्या'ची गोष्ट. तीस मिनिटांत फोल्डर बसतो, खोटं नाही. पण गम वाळायला वेळ लागतो. आम्ही क्लिपा लावून निदान दोन-तीन तास ठेवतो, लगेच खिशात घातला की कड उचलते, तिथून धूळ आणि पाणी. सकाळी साडेदहाला सेट आला तर डिस्प्ले, बॅटरी, चार्जिंग पिन, स्पीकर एवढी कामं त्याच दिवशी, कारण चालत्या पंचवीस-तीस मॉडेलचा माल मी घरात ठेवतो. बोर्डाचं काम, पाण्याचा सेट, माल मागवावा लागणारं मॉडेल, याला त्याच दिवशीचा शब्द नाही, आणि तो नाही हेही बिलावर आहे. हल्ली ओटीपी आणि पेमेंट सगळं त्या एका सेटवर असतं, म्हणून सेट घेताना सिम आधी काढून हातात देतो. सेट देण्याआधी बॅकअप घ्या, हे तुम्हाला कुणी सांगत नसेल तर मी सांगतो.

समोरचं दुकान २०२१ मध्ये बंद झालं. लाइफटाइमवाले काही दिवस माझ्याकडं यायचे. त्यांच्याकडून मी पूर्ण पैसे घेतले, माझ्या मनाला काही वाटलं नाही.

पाटी रंगवताना पेंटरने वरची ओळ हातभर मोठी काढली आणि 'पाण्याच्या सेटला वॉरंटी नाही' खाली कोपऱ्यात बोटभर. दिवाणजी नवा सेट घेऊन काच लावायला आले होते. चष्मा वर करून म्हणाले, "हे मला दिसत नाही." पेंटरला शिडीवरून उतरू दिलं नाही. दोन्ही ओळी सारख्या मापाच्या करून घेतल्या, वरचे साडेतीनशे रुपये देऊन.