पन्हाळा रोडचा प्लॉट: खोदाई-भराव अखेर जुळला

30 × 20 मीटरच्या प्लॉटवर 10 मीटरचं ग्रिड, 12 खुंट्या. ऑटो लेव्हलने घेतलेले आर.एल., म्हणजे खुंट्यांच्या जागच्या जमिनीच्या उंच्या मीटरमध्ये, असे:

```
अ  101.90  101.50  101.00  100.30
ब  101.60  101.80  101.20  100.00
क  101.20  100.80  100.40   99.60
```

बाराही आकड्यांची साधी सरासरी 100.94. या लेव्हलला जमीन सपाट करायची म्हटलं, तर 75 घनमीटर माती उरते. म्हणजे साडेसव्वीस ब्रास, आणि तेवढी बाहेर टाकायला जागा नाही.

ब ओळीत मधल्या दोन खुंट्या उंचवट्यावर आहेत, खरी गोम तिथेच. कोपऱ्याची खुंटी एकाच चौकोनात मोजली जाते, कडेची दोन चौकोनांत, आतली चार. म्हणून वजन 1, 2, 4 धरायचं आणि बेरजेला 24 ने भागायचं. उत्तर 101.07. फरक फक्त साडेबारा सेंटिमीटर, पण 600 चौरस मीटरवर तेच ते 75 घनमीटर! जमीन एकसारखी उतरती असती तर दोन्ही सरासऱ्या सारख्याच आल्या असत्या आणि ही गोष्ट कधी लक्षातच आली नसती.

पुढची अडचण मधल्या चौकोनांची. ब आणि क ओळींमधला मधला चौकोन घ्या. दोन कोपरे मिळून 0.86 मीटर खोदाई, दोन मिळून 0.94 भराव. चारही कोपऱ्यांची सरासरी काढली तर जेमतेम 2 घनमीटर भराव दिसतो. प्रत्यक्षात जेसीबीला दोन्ही कामं करावी लागतात, म्हणून मिश्र चौकोनाला हे सूत्र:

```
खोदाई = (क्षेत्रफळ ÷ 4) × (Σख)² ÷ (Σख + Σभ)
```

Σख म्हणजे खोदाईच्या कोपऱ्यांवरच्या मीटरची बेरीज, Σभ म्हणजे भरावाच्या कोपऱ्यांवरची. भरावासाठी वर (Σभ)² घ्यायचा. या चौकोनात खोदाई 10.3 आणि भराव 12.3 घनमीटर येतो. सहाही चौकोन मिळून खोदाई 133, भराव 135. हे आकडे जुळलेले बघताना फार बरं वाटलं!

पण जमिनीतला एक घनमीटर मुरूम रोलरखाली दाबला की तेवढा राहत नाही. दाबल्यावर 0.9 पट उरतो असं धरलं तर 133 चे 120 होतात आणि भरावाला 15 घनमीटर कमी पडतात. लेव्हल एक सेंटिमीटर उतरवली की खोदाई साधारण 3 घनमीटरने वाढते आणि भराव तेवढाच घटतो. त्यामुळे तीन सेंटिमीटर खाली, 101.04 ला, हिशेब बसतो. डंपरचं मात्र मोकळ्या मातीचं माप असतं, ते या आकड्यांत मिसळू नका. ब्रासवर बिल लावणाऱ्याशी हे आधीच बोलून घ्यावं, नाहीतर नंतर वाद होतो.

101.04 पक्की करणार होतो, पण हे लिहिताना सुचलं: सगळा घोळ उंचवट्याचा आहे आणि त्यावर खुंट्या दोनच. दहा मीटरच्या मधे माथा आणखी वर असेल तर या ग्रिडला तो दिसणारच नाही. त्यामुळे आधी ब ओळीच्या आजूबाजूला 5 मीटरवर जादा लेव्हल घ्यायच्या, तिथले चौकोन नव्याने मोजायचे आणि मगच चुन्याची रेघ मारायची.