सेटलमेंट अडकलं आणि चार्जबॅक आला: डॅशबोर्डवरच्या दोन लाल पट्ट्यांचा माझा अनुभव

गिरगावातून कापडी तोरणं आणि आकाशकंदील ऑनलाइन विकण्याचा माझा छोटा व्यवसाय आहे. दिवाळीच्या तोंडावर एका बुधवारी पेमेंट गेटवेच्या डॅशबोर्डवर दोन लाल पट्ट्या एकदमच दिसल्या. वर `Settlement on hold`, खाली `1 dispute requires action`. दोन्ही एकाच दिवशी आल्यामुळे पहिला समज हाच होतो की गिऱ्हाइकाने तक्रार केली म्हणून सगळे पैसे रोखले. तसं नव्हतं. दोन्हींची कारणं वेगळी होती, उत्तर द्यायची माणसं वेगळी होती, आणि मुदत त्यांतल्या एकालाच होती.

`Settlement on hold` म्हणजे गेटवेने तुमच्या खात्यात पैसे पाठवणं थांबवलंय. गिऱ्हाइकाचं पेमेंट यशस्वी झालेलं असतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार हे पैसे गेटवेला स्वतःच्या खात्यात नव्हे, तर बँकेतल्या वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवावे लागतात. म्हणजे ते बुडालेले नसतात, पण तुमच्या हातातही नसतात. साधा उशीर आणि होल्ड यांत मात्र गल्लत करू नये. माझं सेटलमेंट कामकाजाच्या दोन दिवसांनी येतं, त्यामुळे शुक्रवारची विक्री मंगळवारी दिसते. मध्ये बँकेची सुट्टी आली तर आणखी पुढे. त्या काळात `Processing` असं लिहिलेलं असतं. `On hold` लिहिलं असेल, तर नुसतं थांबून काही होत नाही.

चार्जबॅक म्हणजे गिऱ्हाइकाने आपल्या कार्डाच्या बँकेकडे एका पेमेंटबद्दल तक्रार केली आणि बँकेने ते पैसे परत मागितले. हा दावा गिऱ्हाइकाच्या बँकेकडून व्हिसा, रुपेसारख्या कार्ड नेटवर्कमार्गे येतो. गेटवे फक्त मधला निरोप्या असतो, म्हणून गेटवेच्या हेल्पलाइनवर वाद घालून तो सुटत नाही.

उत्तराची मुदत चार्जबॅकला असते, म्हणून आधी तो उघडला. दावा ३,४५० रुपयांचा होता, गणपतीच्या वेळच्या तोरणांच्या ऑर्डरचा, ठाण्याच्या पत्त्यावर गेलेल्या. `Respond by` समोर सात दिवसांनंतरची तारीख होती. नेटवर्कची मुदत याहून लांब असते, पण मधली बँक आणि गेटवे आपापल्या कामाचे दिवस त्यातून काढून घेतात. आपल्याला पाळायची ती डॅशबोर्डवरचीच तारीख. ती चुकली की दावा मान्य केला असं धरतात.

नंतर पाहायचं ते कारण. माझ्याकडे `Merchandise / Services Not Received` होतं, म्हणजे माल मिळालाच नाही. सगळं उत्तर या एका ओळीवर ठरतं. कार्ड आपण वापरलंच नाही अशी तक्रार असती, तर ओटीपीने झालेलं पेमेंट हा भक्कम मुद्दा ठरला असता. इथे ओटीपीचा काही उपयोग नाही. पैसे कार्डधारकानेच भरले एवढंच त्यातून कळतं, माल पोचला हे नाही.

इथे एक मोठी चूक होऊ शकते. गिऱ्हाइकाला फोन केला, ते वैतागलेले वाटले, आणि आपण ‘घ्या बाबा पैसे’ म्हणत डॅशबोर्डवरून रिफंड करून टाकतो. चार्जबॅक उघडा असताना रिफंड केला, तर ३,४५० रुपये दोनदा जाऊ शकतात: एकदा रिफंडमधून, एकदा चार्जबॅकमधून. काही गेटवे अशा पेमेंटचा रिफंड बंद ठेवतात, सगळे ठेवतीलच असं नाही. पैसे परत द्यायचेच असतील तर दाव्याच्या पानावर `Accept` करावं. रिफंड आधीच झाला असेल, तर त्याची तारीख आणि एआरएन, म्हणजे बँकेत त्या रिफंडचा माग काढायचा क्रमांक, हाच आपला पुरावा.

माझी ऑर्डर पोचली होती. कुरिअरकडे वेबसाइटवरचा ‘डिलिव्हर्ड’ शब्द नको, प्रत्यक्ष पोचपावतीची प्रत हवी असं मागितलं. पावतीवर सोसायटीचा गोल शिक्का होता आणि वॉचमनची सही. पार्सल गेटवर घेतलं गेलं होतं, घरी कोणाला सांगायचं राहून गेलं असावं. दुसऱ्याची सही म्हणजे पुरावा कमजोर, पण पत्ता, पिनकोड आणि वजन ऑर्डरशी जुळत होतं. पार्सल पोचल्यावर चार दिवसांनी त्याच गिऱ्हाइकाने व्हॉट्सॲपवर विचारलं होतं, ‘तोरण धुतलं तर रंग जाईल का?’ माल हातात असल्याशिवाय हा प्रश्न कोणी विचारत नाही. तो स्क्रीनशॉट नंबर आणि तारीख दिसेल असा घेतला.

हे सगळं एकाच पीडीएफमध्ये लावलं. पहिल्या पानावर इंग्रजीत सहा ओळी: ऑर्डर क्रमांक, पेमेंट आयडी, रक्कम, पाठवल्याची तारीख, कुरिअरचा ट्रॅकिंग क्रमांक, पोचल्याची तारीख. मागे बिल, पोचपावती, मग चॅट आणि त्याचं इंग्रजी भाषांतर. वाचणारा बँकेचा माणूस मराठी असेलच असं नाही. बऱ्याच ठिकाणी पुरावा एकदाच चढवता येतो, म्हणून `Submit` आधी प्रत्येक पान मोठं करून पाहिलं. गिऱ्हाइकाशी नीट बोलणं झालं, त्यांनी तक्रार मागे घेतो म्हटलं. तरी पुरावा पाठवलाच, कारण तोंडी शब्द बँकेपर्यंत पोचत नाही. त्यांनी स्वतःच्या बँकेला लेखी कळवणं आणि त्याची प्रत आपल्याला मिळणं गरजेचं असतं. स्थिती `Under review` झाली.

मग होल्ड. त्याचं कारण ईमेलमध्ये होतं: बँक खात्याची पडताळणी फसली. महिन्याभरापूर्वी मी चालू खातं बदललं होतं. गेटवे नव्या खात्यात एक रुपया पाठवून खातेदाराचं नाव तपासतो. केवायसीत माझं स्वतःचं नाव होतं, नवं खातं मात्र दुकानाच्या नावाने. जुळलं नाही, की होल्ड. यावर नुसता कॅन्सल्ड चेक पुरत नाही, कारण त्यावर एकच नाव असतं. मालक आणि दुकान दोन्ही नावं एकत्र असलेला कागद लागतो. माझं उद्यम प्रमाणपत्र चाललं. गुमास्त्याची पावतीही चालते. महाराष्ट्रात कामगार ठरावीक संख्येपेक्षा कमी असले तर नोंदणीऐवजी सूचना दिल्याची पावती मिळते, तीच. कागद चढवल्यावर तिसऱ्या कामकाजाच्या दिवशी होल्ड उठला.

नावं जुळत असूनही होल्ड आला, तर बहुधा विक्री अचानक वाढलेली असते. तेव्हा ठरावीक पेमेंटची बिलं आणि कुरिअरच्या पावत्या मागतात.

होल्ड उठल्यावर आलेली रक्कम ताडून पाहिली. विक्री ४६,००० रुपये. गेटवेचं शुल्क दोन टक्के, म्हणजे ९२०. त्यावर १८ टक्के जीएसटी १६५.६०. उरले ४४,९१४.४०. खात्यात आले ४१,४६४.४०. फरक बरोबर ३,४५०. गणपतीच्या ऑर्डरचे पैसे कधीच खात्यात आले होते, म्हणून वादाची रक्कम दिवाळीच्या विक्रीतून कापून ठेवली होती. सगळे गेटवे आधीच कापत नाहीत, काही दावा हरल्यावर कापतात. ही ओळ सेटलमेंट रिपोर्टमध्ये `Adjustment` म्हणून सापडते, मुख्य स्क्रीनवर दिसत नाही.

पाच आठवड्यांनी दाव्यासमोर `Won` आलं. तरी बँकेला मान्य नसेल तर प्री-आर्बिट्रेशन म्हणून तोच दावा पुन्हा उघडू शकतो, म्हणून ती पीडीएफ आणि कुरिअरची मूळ पोचपावती जपून ठेवली आहे. पुढच्या सेटलमेंटच्या रिपोर्टमध्ये ३,४५० अधिक चिन्हासह दिसले, आणि त्याच सेटलमेंटचा यूटीआर क्रमांक बँकेच्या पासबुकातल्या नोंदीशी जुळला.