सरासरी सारखी, पेट्या वेगळ्या: दोन वर्गांचे गुण बॉक्स प्लॉटवर

या वेळी दोन वर्गांचे गुण एकाच पट्टीवर शेजारी शेजारी मांडून पाहिले. गुण मीच रचलेले आहेत, पेपर १०० गुणांचा आणि प्रत्येक वर्गात १५ विद्यार्थी. १५ हा आकडा मुद्दाम घेतला. गुण चढत्या क्रमाने लावले की मधला विद्यार्थी बरोब्बर आठवा येतो. त्याच्या खाली सात उरतात, त्यांचा मधला चौथा. वर सात उरतात, त्यांचा मधला बारावा. त्यामुळे किमान, पहिलं चतुर्थक, मध्यक, तिसरं चतुर्थक आणि कमाल हे बॉक्स प्लॉटचे पाचही आकडे कुणा ना कुणा विद्यार्थ्याचे खरे गुण असतात आणि पेटीच्या प्रत्येक रेषेवर बोट ठेवून हा अमुक क्रमांकाचा विद्यार्थी असं सांगता येतं.

वर्ग अ: ३४, ४८, ५२, ५५, ५७, ५८, ६०, ६१, ६३, ६४, ६६, ६८, ७०, ७४, ८५

वर्ग ब: २८, ३३, ३८, ४१, ४३, ४५, ५२, ६६, ७०, ७३, ७६, ७९, ८४, ९०, ९७

दोन्ही वर्गांची बेरीज ९१५ येते, म्हणजे सरासरी दोन्हीकडे ६१. नुसती सरासरी बघणाऱ्याला हे दोन वर्ग सारखेच वाटतील. आता पाच आकडे काढू. वर्ग अ मध्ये किमान ३४, पहिलं चतुर्थक ५५, मध्यक ६१, तिसरं चतुर्थक ६८ आणि कमाल ८५. वर्ग ब मध्ये २८, ४१, ६६, ७९ आणि ९७. पेटी पहिल्या चतुर्थकापासून तिसऱ्यापर्यंत जाते, म्हणून अ ची पेटी १३ गुण लांब आणि ब ची ३८, जवळपास तिप्पट.

इथे थोडं थांबतो, कारण बॉक्स प्लॉट वाचताना सगळ्यात जास्त गल्लत इथेच होते. लांब भाग दिसला की तिथे जास्त विद्यार्थी असतील असं डोळ्याला वाटतं. ब ची पेटी बघा. ४१ ते ६६ हा खालचा भाग २५ गुणांचा, तर ६६ ते ७९ हा वरचा भाग १३ गुणांचा. खालचा भाग जवळजवळ दुप्पट मोठा दिसतो, पण विद्यार्थी मोजले तर खालच्या भागात रेषांच्या आत तिघं (४३, ४५, ५२) आणि वरच्या भागातही तिघंच (७०, ७३, ७६). पेटीच्या दोन्ही टोकांतून बाहेर निघणाऱ्या रेषा म्हणजे मिशा, त्यांतल्या खालच्या मिशीत २८, ३३, ३८ आणि वरच्या मिशीत ८४, ९०, ९७. सगळीकडे तीन तीन, आणि उरलेले तिघं चतुर्थकांच्या आणि मध्यकाच्या रेषांवर. चार भागांत विद्यार्थी सारखेच असतात, त्यामुळे भाग लांब असेल तर तेवढेच विद्यार्थी जास्त जागेत विखुरलेले असतात आणि आखूड असेल तर ते दाटीने बसलेले असतात. लांबी वाचायची ती विरळपणा म्हणून.

हे डोक्यात पक्कं बसलं की दोन पेट्यांची तुलना करायला मजा येते. मला सर्वांत उपयोगी वाटते ती आडवी तुलना, म्हणजे एका पेटीची रेषा दुसऱ्या पेटीवर ओढून नेणं. अ चं तिसरं चतुर्थक ६८ आहे आणि ब चा मध्यक ६६, म्हणजे या दोन रेषा जवळपास एकाच उंचीवर आहेत. याचा अर्थ जी पातळी अ मध्ये वरच्या साधारण चौथाई विद्यार्थ्यांनी गाठली, ती ब मध्ये साधारण निम्म्यांनी गाठली. यादीत पडताळून पाहिलं: ६६ च्या वर अ मध्ये चौघं आहेत, ब मध्ये सातजण आणि आठवा नेमका ६६ वर. खालच्या बाजूला चित्र उलटं. अ चं पहिलं चतुर्थक ५५ आहे आणि ती रेषा ब वर नेली तर ती पेटीच्या आत, मध्यकाच्या बरीच खाली जाते. अ मध्ये ५५ च्या खाली तिघं आहेत, ब मध्ये सात. म्हणजे ब मध्ये वर जाणारेही जास्त आणि मागे राहणारेही जास्त, आणि या दोन्ही गोष्टी सरासरीत एकमेकींना खाऊन टाकतात.

'ब चा मध्यक पाच गुणांनी वर आहे, तेव्हा ब वर्ग सरस' असं म्हणायचा मोह होतो. मी तिथेच अडलो आणि या नोंदीचा बराचसा वेळ त्यावरच गेला. ब ची यादी पुन्हा बघा. ५२ नंतर एकदम ६६. मध्ये कुणीच नाही. वर्गाची सरासरी ६१ आहे आणि ६१ च्या आसपास एकही विद्यार्थी नाही. खाली सात जणांचा एक गट, वर दुसरा गट, आणि मध्यक बसलाय तो या खिंडीच्या अगदी वरच्या काठावर. आता त्या आठव्या विद्यार्थ्याला ६६ ऐवजी ५५ पडले असते असं धरू. ५२ आणि ७० यांच्या मध्ये तोच एकटा आहे, त्यामुळे क्रम बदलत नाही, पण मध्यक ६६ वरून थेट ५५ वर येतो आणि ब वर्ग अ च्या सहा गुणांनी खाली जातो. सरासरी एका गुणानेही हलत नाही. हाच प्रयोग अ मध्ये केला, ६१ च्या जागी ५० घातले, तर आठवा आता ६० वाला होतो. मध्यक फक्त एक गुण सरकतो, कारण त्याच्या आजूबाजूला विद्यार्थी दाटीने आहेत.

मध्यक टोकाच्या गुणांना बधत नाही हे खरं, ९७ च्या जागी १०० घाला, तो जागचा हलणार नाही. पण तो ज्या ठिकाणी उभा आहे तिथे पोकळी असेल तर एका पेपरने तो घसरतो. म्हणून १५ विद्यार्थ्यांच्या वर्गात पाच गुणांच्या फरकावरून निकाल देऊ नये असं माझं ठाम मत झालंय. पेट्यांच्या लांबीतला फरक मात्र इथे एका विद्यार्थ्यावर टांगलेला नाही.

मग ही पोकळी चित्रावरून ओळखता येते का? थेट नाही. पेटी आतून भरीव दिसते आणि तिच्या आत काय चाललंय ते ती सांगत नाही. पण एक खूण असते आणि ती मिशांच्या लांबीत आहे. गुण मधे दाट आणि कडेला विरळ असतील तर मिशा पेटीच्या मानाने लांब होतात. गुण सगळीकडे सारखे पसरलेले असतील तर चारही भाग सारखे, म्हणून प्रत्येक मिशी पेटीच्या निम्मी येते. ब मध्ये खालची मिशी १३ ची आणि वरची १८ ची, पेटी ३८ ची. दोन्ही मिशा निम्म्यापेक्षाही आखूड. याचा अर्थ कडेला गर्दी आणि मधे ओसाड, निदान तसा संशय घ्यायला जागा आहे. अशी लांब पेटी आणि आखूड मिशा दिसल्या की मी आता लगेच पेटीवर प्रत्येक विद्यार्थ्याचा ठिपका टाकतो. १५ ठिपके टाकायला वेळ लागत नाही आणि ५२ ते ६६ ची खिंड लख्ख दिसते.

आता अ मधल्या ३४ कडे. जॉन टुकी यांनी रूढ केलेल्या नियमानुसार पेटीच्या लांबीच्या दीडपट अंतर दोन्ही बाजूंना मोजायचं आणि त्याच्या पलीकडचे गुण वेगळे ठिपके म्हणून काढायचे. १३ ची दीडपट १९.५, तेव्हा खालची हद्द ३५.५ आणि वरची ८७.५. ३४ हद्दीबाहेर, म्हणून ठिपका. मिशी ४८ वर थांबते, कारण मिशी हद्दीच्या आतल्या शेवटच्या खऱ्या गुणापर्यंतच जाते. ब मध्ये तर २८ आहेत, तरी तिथे ठिपका नाही. ठिपका मिळणं हे आपल्याच वर्गाच्या पसाऱ्यावर ठरतं, गुण किती कमी आहेत त्यावर नाही. वर्गातला कच्चा विद्यार्थी शोधायला ठिपके वापरू नयेत, ब मधले २८, ३३ आणि ३८ वाले तिघंही त्यात सापडणार नाहीत.

हाच तक्ता दोन प्रोग्राममध्ये काढला तर चित्र वेगळं येऊ शकतं, हेही इथेच दिसलं. चतुर्थक काढायच्या रीती एकाहून जास्त आहेत. वर मी मध्यक बाजूला ठेवून उरलेल्या सात सातांचा मधला घेतला. एक्सेलचा बॉक्स चार्ट आपणहून हीच रीत धरतो आणि `QUARTILE.EXC` ची उत्तरंही हीच येतात. `QUARTILE.INC` आणि पायथॉनमधलं नमपाय मात्र न सांगता दुसरी रीत वापरतात.

```python
import numpy as np
a = [34, 48, 52, 55, 57, 58, 60, 61,
     63, 64, 66, 68, 70, 74, 85]
p = [0, 25, 50, 75, 100]
print(np.percentile(a, p))
print(np.percentile(a, p, method="weibull"))
```

पहिल्या ओळीत चतुर्थकं ५६ आणि ६७ येतात, दुसऱ्या ओळीत ५५ आणि ६८. फरक एकेका गुणाचा, पण पेटी ११ ची झाली की दीडपट १६.५ आणि वरची हद्द ८३.५ वर येते. मग ८५ वालासुद्धा ठिपका होतो आणि वरची मिशी ७४ वर थांबते. विद्यार्थी तेच, गुण तेच, आणि एका चित्रात एक ठिपका तर दुसऱ्यात दोन. दोन वर्गांची तुलना करताना दोन्ही पेट्या एकाच रीतीने काढलेल्या हव्यात. काही चित्रांत मिशा सरळ किमान आणि कमालपर्यंत ओढलेल्या असतात, तिथे ठिपके नसणारच, तेव्हा मिशीचं टोक म्हणजे काय हे आधी बघून घ्या.

पुढच्या खेपेला असमान वर्ग घेतोय, एक १५ चा आणि एक ६० चा. पाच आकड्यांत वर्गाची संख्या कुठेच येत नाही, त्यामुळे दोन्ही पेट्या सारख्याच भक्कम दिसतात. आर मध्ये `boxplot` ला `varwidth = TRUE` दिलं की पेटीची रुंदी संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात होते, म्हणजे ६० च्या वर्गाची पेटी १५ च्या दुप्पट रुंद यायला हवी. ती तशी येते का ते मोजपट्टी लावून बघणार आहे.