फोटोतलं मंगळसूत्र: क्लिनिकची वेबसाइट करतानाचा माझा अनुभव

फोंड्यात माझं त्वचारोगाचं लहानसं क्लिनिक आहे. बरीच वर्षं दारावरच्या पाटीवर आणि तोंडी नावावर चाललं होतं. मग रोजचे फोन वाढले: "डॉक्टर, मॅपवर तुमची वेळ चुकीची दाखवते", "आज बंद आहे हे कळलंच नाही". शेवटी पणजीच्या एका मुलाला वेबसाइटचं काम दिलं.

त्याने आणलेल्या यादीत उपचारापूर्वीचे आणि नंतरचे फोटो होते, पेशंटचे व्हिडिओ होते, 'गोव्यातील सर्वोत्तम' अशी ओळ होती आणि रिव्ह्यू लिहिणाऱ्याला फीमध्ये शंभर रुपये सूटही होती. शेवटच्या दोन्ही गोष्टी मी तिथेच खोडल्या. आमच्या 2002 च्या आचारसंहितेप्रमाणे डॉक्टरने पेशंट ओढण्यासाठी जाहिरात करायची नसते. प्रॅक्टिस सुरू केली, पत्ता बदलला, काही दिवस रजेवर आहे, परत रुजू झालो, फी एवढी, अशा सूचना वर्तमानपत्रात द्यायला मात्र चालतात. सूचनांची ती यादी वाचून मला हसू आलं, कारण लोक फोन करून नेमकं हेच विचारत होते. रिव्ह्यूसाठी सूट देणं तर गूगलच्या स्वतःच्या नियमातही बसत नाही.

फोटोंपाशी मात्र मी घसरले. एका बाईंच्या मानेवरचं कोड फोटोथेरपीने, म्हणजे प्रकाशकिरणांच्या उपचाराने, सात-आठ महिन्यांत छान भरून आलं होतं. मान आणि चेहरा या उपचाराला बरी दाद देतात, बोटांची टोकं हट्टी असतात, हे लोकांना चित्रातून समजावं असं मला मनापासून वाटत होतं. खुर्चीत बसलेल्या असतानाच मी त्यांना विचारलं, आणि त्या लगेच म्हणाल्या, "घाला की डॉक्टर, तोंड दिसत नाही ना?" मुलाने हनुवटीच्या वरचा भाग कापून फोटो बसवला. पान अजून बाहेर गेलं नव्हतं.

रात्री ते पान पाहताना कोडापेक्षा आधी माझं लक्ष मंगळसूत्राकडे गेलं. वाट्यांची घडण वेगळी होती आणि बाजूला काळा तीळ होता. त्यांच्या नणंदेने अर्ध्या सेकंदात ओळखलं असतं. आचारसंहितेत ओळख पटेल असा फोटो संमतीशिवाय छापू नये असं आहे. आपण वाचताना 'ओळख' म्हणजे नाव आणि चेहरा एवढंच धरतो. आमच्याकडे गावं लहान आहेत. 'बेचाळीस वर्षांच्या, डिचोलीजवळच्या शाळेतल्या शिक्षिका' एवढं लिहिलं तरी नाव सांगायचं काही उरत नाही.

शिवाय उपचार चालू असताना डॉक्टरला नाही कोण म्हणणार? म्हणून मी मराठीत एका पानाचा कागद केला. कोणता फोटो, कुठे दिसेल, किती दिवस राहील, नाही म्हटलं तर उपचारात काही फरक पडणार नाही, नंतर केव्हाही काढायला सांगता येईल, हे सगळं त्यात लिहिलं. आणि एक कडू ओळही टाकली: मी काढला तरी तोवर कुणी स्क्रीनशॉट घेतला असेल तर तो माझ्या हातात नाही. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यातही संमती मोकळेपणाने दिलेली हवी, नेमक्या कामापुरती हवी आणि मागे घेणं देण्याइतकंच सोपं हवं, असंच आहे. कागद मी घरी न्यायला दिला. पुढच्या आठवड्यात त्यांनी तो कोराच परत आणला. "घरात कुणाला ठाऊक नाही मी इथे येते ते. डिचोलीत डॉक्टर आहेत की, पण तिथे बसस्टॉपवर सगळी ओळखतात."

तो फोटो साइटवरून गेला. मुलाच्या लॅपटॉपवरून आणि आमच्या व्हॉट्सअ‍ॅप चॅटमधूनही मी समोर बसून पुसायला लावला. मग माझ्या स्वतःच्या फोनची आठवण झाली. पेशंटचे फोटो मी त्याच फोनवर काढत होते आणि ते आपोआप घरच्या खात्यात चढत होते. दिवाणखान्यातला टीव्ही रिकामा असला की त्याच खात्यातले फोटो फिरवतो. गजकर्णाने भरलेली कुणाची तरी पाठ आमच्या पाहुण्यांनी पाहिली नाही, हे निव्वळ नशीब. आता क्लिनिकला वेगळा फोन आहे, त्याचा बॅकअप बंद आहे आणि तो रात्री कपाटात कुलुपात असतो.

खरी चूक मात्र अपॉइंटमेंटच्या फॉर्ममध्ये झाली. नाव, फोन, 'तक्रार काय आहे' असा साधा गूगल फॉर्म होता. दहाव्या-बाराव्या दिवशी एका तरुणाचा फोन आला: "डॉक्टर, फॉर्म भरला की खाली आधीची उत्तरं बघायची लिंक येते." मी स्वतः भरून पाहिलं. एका रकान्यात सगळी नावं, त्याखाली फोन नंबर, त्याखाली तक्रारी. ओळी जोडलेल्या नव्हत्या, पण 'खाजगी जागी खाज' ही तक्रार आणि त्यावरची तेवीस नावं ओळखीच्या माणसाला जुळवायला कितीसा वेळ लागतो? फॉर्मच्या सेटिंगमध्ये `View results summary` हे बटण चालू राहिलं होतं. मी ते बंद केलं, फॉर्म काढला आणि उत्तरं पुसली.

तेवीसही जणांना मीच फोन केले. त्यातही एक अडचण निघाली. दोन नंबर नवऱ्यांचे होते. 'स्किन क्लिनिकमधून बोलते' एवढं म्हटलं असतं तरी दुसरी चूक झाली असती. तिथे फक्त माझं नाव सांगून "त्यांना जमेल तेव्हा फोन करायला सांगा" म्हटलं आणि ठेवला. एक बाई खूप चिडल्या. त्यांचं बरोबर होतं, मी ऐकून घेतलं. नव्या फॉर्ममध्ये तक्रारीचा रकानाच नाही. नाव, नंबर, वार, आणि 'या नंबरवर निरोप ठेवला तर चालेल का', बस्स.

मग गूगलवर एका ताऱ्याचा रिव्ह्यू आला. "तीन वेळा पैसे घेतले, ट्यूब दिली, काही फरक नाही." मला माणूस ओळखू आला. तो दोनदाच आला होता, आणि मधे फार्मसीतून स्टेरॉइड मिसळलेलं मलम आणून लावत होता. त्याने खाज थांबते, पण गजकर्ण आतल्या आत पसरतं आणि त्याची गोल कडाही पुसट होते, म्हणून निदानही फसतं. हे सगळं मी उत्तरात लिहून काढलं, तारखांसकट. पाठवण्याआधी मडगावच्या माझ्या सिनियरना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "तो तुझा पेशंट आहे हे त्याने सांगितलं तर चालतं. तू सांगितलंस तर नाही."

खरं आहे. 'आल्याबद्दल आभार' म्हणणंसुद्धा तो आला होता हे मान्य करणं आहे. त्यामुळे पाच ताऱ्यांनाही आता तेच उत्तर जातं: कोण आमच्याकडे येतं हे आम्ही इथे बोलत नाही, काही सांगायचं असल्यास क्लिनिकच्या नंबरवर दुपारी बारा ते एक या वेळात डॉक्टर स्वतः बोलतील. गूगलकडे तक्रार करून तो रिव्ह्यू हटला नसता. शिवीगाळ किंवा खोटं खातं असेल तर ते पाहतात, नाराजी असेल तर नाही.

मलमाची गोष्ट वाया घालवली नाही. त्या माणसाचा उल्लेख न करता, पावसाळ्यात गजकर्ण का वाढतं, ओले कपडे, घाम आणि ती मिश्र मलमं यांवर एक पान लिहिलं. त्यात हाताने काढलेलं चित्र आहे, फोटो नाही. पान टाकायला मात्र मुद्दाम दोन महिने थांबले, नाहीतर त्याला वाटलं असतं की आपल्यावरच लिहिलंय.

आज साइटवर माझं नाव, पदवी, नोंदणी क्रमांक, वेळ, फी आणि अशी चार पानं आहेत. सगळ्यात जास्त उघडली जाते ती वरची पट्टी. सध्या तिथे लिहिलंय: 'चवथीनिमित्त क्लिनिक पाच दिवस बंद.'