पंप पाचशेच, पण तास पुरेनात: आमची फेब्रुवारीची प्लॅनिंग मीटिंग

आमची कंपनी छोटी, शिरोली एमआयडीसीत, शेतीचे पंप बनवतो, मोनोब्लॉक आणि विहिरीच्या पाण्यात बुडवायचे ओपनवेल सबमर्सिबल. मी प्रॉडक्शन प्लॅनिंग बघतो. शेतीपंपाचा सीझन म्हणजे साधारण फेब्रुवारी ते मे, विहिरीचं पाणी खाली गेलं की डीलरचे फोन सुरू होतात आणि त्या चार महिन्यात सेल्स आणि प्रॉडक्शनचं रोज वाजायचं. सेल्सवाले म्हणणार माल नाही, प्रॉडक्शनवाले म्हणणार गोडाऊन भरलंय, आणि दोघंही खरंच बोलत असायचे. म्हणून मालकांनी दर महिन्याच्या २० तारखेला पुढच्या महिन्याची मीटिंग ठरवली. त्यातली फेब्रुवारीची, म्हणजे मार्चच्या प्लॅनची मीटिंग सविस्तर सांगतो, कारण घोळ नेमका कुठं होता ते त्या दिवशी आम्हाला आकड्यात दिसलं.

सेल्सच्या साहेबांनी मार्चसाठी ५०० पंप मागितले. प्रॉडक्शन मॅनेजर म्हणाले, ५०० देतो की, जानेवारीत पण ४९० काढले. एरवी मीटिंग इथंच संपली असती, सगळे चहा पिऊन उठले असते आणि २५ मार्चला भांडण झालं असतं. कारण जानेवारीत काढलेल्या ४९० मध्ये ४०० मोनोब्लॉक होते आणि ओपनवेल फक्त ९०, आणि मार्चच्या मागणीत ओपनवेल २२० होते. एकूण आकडा जुळतो म्हणून कुणाला काही खटकत नाही, पण डीलरला हवा तो पंप नसतोच.

आता असं का होतं, तर आमच्याकडं महिन्याचा आकडा नगात मोजायचे. नगात मोजलं की शॉपवरचा माणूस लवकर होणारं काम आधी घेतो, त्यात त्याची चूक नाही. ओपनवेलच्या मोटरमध्ये पाणी भरलेलं असतं, त्यामुळं वायर प्लास्टिकचं आवरण असलेली, जाड, आणि स्टेटरच्या खाचांतून ती हातानं एकेक वेढा ओढून घ्यावी लागते. मोनोब्लॉकला साधी इनॅमलची वायर, कॉइल आधी फॉर्मावर करून घ्यायची आणि खाचेत बसवायची. आमच्या शॉपवर सरासरी मोनोब्लॉकच्या एका स्टेटरला २ तास लागतात आणि ओपनवेलला ५. मशीनिंग, असेंब्ली, टेस्टिंग सगळीकडं थोडीफार जागा शिल्लक असते, अडतं ते वाइंडिंगलाच. म्हणून त्या दिवशी मी फळ्यावर नग पुसले आणि वाइंडिंगचे तास लिहिले.

वाइंडर ८, दिवस २५, रोजचे खरे कामाचे ७ तास, म्हणजे १४०० तास. मागणी: २२० ओपनवेलचे ११०० आणि २८० मोनोब्लॉकचे ५६०, मिळून १६६०. म्हणजे २६० तास कमी. जानेवारीच्या ४९० पंपांना १२५० तासच लागले होते, म्हणून "गेल्या वेळी निघाले, आता पण निघतील" हे बरोबर वाटत होतं.

वाइंडिंगचे मामा (एवढी वर्षं तिथंच आहेत, त्यांना मीटिंगला बोलवायचं हा माझा हट्ट होता) बघून म्हणाले, "साहेब, ह्ये मी कवापासनं सांगतोय, पर नगाचं कागद दाखवून गप करत्यात मला." मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. ज्याच्या हातावर सगळा महिना अडतो त्या माणसाला आतापर्यंत टेबलावर जागाच नव्हती.

मालक पटकन म्हणाले ओव्हरटाइम करा. पण रोज दीड तास, आठ माणसं, वीस दिवस धरले तरी २४० तासच होतात, आणि उन्हाळ्यात शेडमध्ये नवव्या तासाला ओढलेल्या वायरला ओरखडा पडला तर तो मेगरवर, म्हणजे इन्सुलेशनच्या टेस्टला, नेहमी सापडतोच असं नाही, पाण्यात महिनाभर चालल्यावर मोटर जळून परत येते. म्हणून आधी मागणी तपासायची ठरलं, डीलरवार. इथं खरं सांगायचं तर सेल्सच्या साहेबांचं कौतुक आहे, त्यांनी वही उघडून स्वतःच सांगितलं की २२० मधले ४० ओपनवेल कुठल्याच डीलरनं मागितलेले नाहीत, मार्चएंडचं टार्गेट पूर्ण व्हायला ते पाठवून ठेवायचा विचार आहे. ते ४० काढले, राहिले १८०, त्याचे ९०० तास.

मग स्टोअरवाल्यानं गोडाऊनचा आकडा वाचला, सिस्टीमचा नाही, आदल्या दिवशी हातानं मोजलेला. मोनोब्लॉक ११० पडून होते. पण त्यातले ७० च मार्चमध्ये खपणाऱ्या एचपीचे, बाकीच्या ४० ना गिऱ्हाईक नव्हतं. ७० वजा केले तर नवीन करायचे २१० मोनोब्लॉक, ४२० तास. एकूण १३२०. म्हणजे ८० तास शिल्लक, ओव्हरटाइम न करता. हे ८० तास भरायचे नाहीत, अर्जंट ऑर्डरसाठी मोकळे ठेवायचे असं लिहूनच घेतलं.

त्यानंतर बराच वेळ गेला तो कास्टिंगवर. फौंड्रीला पॅटर्न लावून माल यायला आम्हाला तीन आठवडे लागतात, म्हणजे २० फेब्रुवारीला मार्चच्या सुरुवातीच्या ओपनवेलची बॉडी सांगणं उशिराचंच. सुदैवानं ११० बॉड्या शिल्लक होत्या, त्यामुळं पहिले दोन आठवडे निघणार होते. पण तिथं ठरलं की मीटिंगमध्ये पुढच्या महिन्याचं मॉडेलवार बघायचं आणि त्याच्या पुढच्या महिन्याचं फक्त ओपनवेल किती, मोनोब्लॉक किती एवढं, म्हणजे परचेसला कास्टिंग आणि वायर वेळेत सांगता येईल. आणि महिन्याचे पहिले १५ दिवस प्लॅन बदलायचा नाही, बदलायचाच असेल तर सेल्सनं आपल्याच यादीतलं तेवढ्या तासांचं काहीतरी काढून द्यायचं.

हा नियम लगेच कामाला आला. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात जतकडच्या एका डीलरला ३० ओपनवेल जास्त पाहिजे होते. १५० तास लागणार, हातात ८०. पूर्वी असा फोन थेट शॉपवर जायचा आणि चालू काम बाजूला पडायचं, अर्धे वाइंड केलेले स्टेटर रॅकवर. यावेळी साहेबांनी १६ पंप मोकळ्या तासांतून घेतले आणि उरलेल्या १४ साठी ३५ मोनोब्लॉक पुढं ढकलले, कुणाचे ढकलायचे ते त्यांनीच डीलरशी बोलून ठरवलं. प्रॉडक्शनला कुणी शिव्या घातल्या नाहीत.

महिनाअखेरीस २१० ओपनवेलच्या ऐवजी २०१ गेले. ९ बॉड्यांना मशीनिंग करताना आत ब्लोहोल निघाले, बदली कास्टिंग वेळेत आलं नाही. आता ओपनवेलच्या बॉडीत थोडी रिजेक्शन धरूनच ऑर्डर देतो.

एक मात्र या मीटिंगनं सुटत नाही. एप्रिलमध्ये अवकाळी पाऊस झाला, दोन आठवडे फोन थंडावले आणि प्लॅनप्रमाणे बनवलेले ओपनवेल गोडाऊनला बसले. तेव्हा मालकांनी विचारलं की मग मीटिंगचा उपयोग काय, तर सेल्सच्या साहेबांनीच उत्तर दिलं की माल कुठला आणि किती पडलाय हे आता दोघांनाही माहीत आहे, मेचा आकडा त्यावरूनच कमी करू. मामांनी लगेच विचारलं, "मग मे मध्ये दोन पोरांना रजा देऊ का?" आणि आम्ही फळ्यावर वाइंडर ६ लिहून परत तास मोजायला बसलो.