१२० ओहम लावले, तरी ओव्हरशूट दिसेना

त्या दुपारी कंट्रोल सिस्टिम्सच्या बॅचला प्रयोग साधाच होता. १० मिलिहेन्रीची कॉइल, १ मायक्रोफॅरडचा पॉलिएस्टर कपॅसिटर आणि डिकेड रेझिस्टन्स बॉक्स एका ओळीत जोडायचे, फंक्शन जनरेटरमधून ० ते ५ व्होल्टचा १०० हर्ट्झचा स्क्वेअर वेव्ह द्यायचा आणि कपॅसिटरवरचं व्होल्टेज डीएसओवर, म्हणजे डिजिटल ऑसिलोस्कोपच्या स्क्रीनवर, पाहायचं. सर्किट चार-पाच टाइम कॉन्स्टंटमध्ये, म्हणजे एका मिलिसेकंदाच्या आत स्थिरावतं आणि अर्धं आवर्तन ५ मिलिसेकंदांचं असतं, म्हणून प्रत्येक चढती कड म्हणजे एक स्वच्छ स्टेप. कपॅसिटर ग्राउंडच्या बाजूलाच ठेवावा लागतो, कारण प्रोबची ग्राउंड क्लिप अर्थला जोडलेली असते आणि ती मध्येच कुठे लावली तर उरलेलं सर्किट शॉर्ट होतं.

बॉक्सवर १२० ओहम लावून आधी कागदावर उत्तर काढायला सांगितलं होतं. R/L येतो १२०००, 1/LC येतो दहाचा आठवा घात. एवढे मोठे आकडे घेऊन पार्शल फ्रॅक्शन करायला बसलं की शून्यं हमखास चुकतात. म्हणून मी वेळ मिलिसेकंदात मोजायला लावतो. मग लाप्लासमधल्या s चं एकक दर मिलिसेकंद होतं आणि आकडे हाताळण्याजोगे होतात. एक व्होल्टच्या स्टेपला कपॅसिटरवरचं व्होल्टेज c(t) धरलं, तर त्याचा लाप्लास:

```
C(s) = 100 / [ s (s² + 12s + 100) ]
     = A/s + (Bs + D)/(s² + 12s + 100)
```

A लगेच मिळतो: s ने गुणून s = 0 ठेवला की १. बाकीच्यांसाठी छेद वर न्यायचा आणि सहगुणक जुळवायचे. s² चे सहगुणक सांगतात A + B = 0, म्हणून B उणे १. s चे सांगतात 12A + D = 0, म्हणून D उणे १२. इथपर्यंत बहुतेकांचं बरोबर येतं. चूक होते ती पुढच्या पायरीला.

छेदाची मुळं −6 ± j8, म्हणून छेद (s+6)² + 8² असा लिहायचा. अंशात मात्र s + 12 आहे. इन्व्हर्स घेताना कोसाइनला s + 6 लागतो आणि साइनला ८. म्हणजे १२ मधले ६ कोसाइनकडे जातात, उरलेले ६ साइनकडे, आणि त्या ६ ला ८ ने भागावं लागतं:

```
(s+12) = (s+6) + (6/8)·8
c(t) = 1 − e^(−6t) (cos 8t + 0.75 sin 8t)
```

एका मुलीनं हे विभाजन न करता पूर्ण १२ साइनकडे ढकलले होते, म्हणजे साइनचा सहगुणक १.५. तिनं कागदावर आलेख नीट बिंदू मांडून काढला होता. तो शून्यातून निघून आधी खाली जात होता, साधारण ०.०४ मिलिसेकंदाला उणे ०.६ व्होल्टपर्यंत, आणि मग वर चढत होता. तिनं विचारलं, "सर, सुरुवातीला असं उलटं जातं का?" काही सिस्टिम्स तसं खरंच वागतात, पण त्यासाठी अंशात उजव्या बाजूचा झिरो लागतो. इथे अंशात नुसते १०० आहेत. शिवाय सुरुवातीला कॉइलमधला प्रवाह शून्य असतो, त्यामुळे कपॅसिटरवरचं व्होल्टेज नुसतं शून्यातून नव्हे, शून्य उतारानं निघायला हवं. साइनचा सहगुणक k धरला तर t = 0 ला उतार येतो 6 − 8k. तो शून्य व्हायचा तर k ०.७५ च असायला हवा. मूल्य आणि उतार हे दोन्ही तपासायला अर्धं मिनिट लागतं. फक्त c(0) = 0 तपासलं तर ही चूक निसटते, कारण t = 0 ला साइन शून्यच असतो.

उत्तर दुरुस्त झालं. शिखर π/8, म्हणजे ०.३९ मिलिसेकंदाला, ओव्हरशूट e^(−6π/8), म्हणजे ९.५ टक्के. पाच व्होल्टच्या स्टेपला स्क्रीनवर ५.४७ व्होल्टचं टोक दिसायला हवं होतं.

स्क्रीनवर टोकच नव्हतं. ट्रेस मऊपणे चढून ५ व्होल्टला टेकत होता. चारही टेबलांवर तेच. आता पार्शल फ्रॅक्शनवर शंका घ्यायला जागा नव्हती, म्हणून समीकरणात घातलेल्या आकड्यांकडे वळलो. शेवटचं मूल्य बरोबर ५ आलं होतं आणि त्यामुळेच दोष झाकला जात होता. सर्किट स्थिरावल्यावर कपॅसिटरमधून प्रवाह जात नाही, म्हणून ओळीतला कितीही जास्तीचा रोध असला तरी शेवटचा आकडा हलत नाही. तो रोध फक्त वाटेवर दिसतो.

डीएसओचा दुसरा चॅनल जनरेटरच्या टर्मिनलवर लावायला सांगितलं. तिथे स्टेप सपाट नव्हती. ५ व्होल्टला उडी मारून ती लगेच खचत होती, ०.१ मिलिसेकंदाच्या आसपास ४ व्होल्टपर्यंत, आणि मग परत वर येत होती. खचण्याचा अर्थ एकच: जनरेटरच्या पोटातही रोध आहे. आउटपुट सॉकेटजवळ तो छापलेलाच असतो, ५० ओहम. मग कॉइल सोडवून मल्टिमीटरनं मोजली. तांब्याच्या तारेचे २० ओहम निघाले. म्हणजे एकूण रोध १२० नव्हे, १९०.

पुन्हा तीच गणिती वाट, फक्त मधला सहगुणक १२ ऐवजी १९. मुळं −9.5 ± j3.12, आणि साइनचा सहगुणक 9.5/3.12, म्हणजे ३.०४:

```
c(t) = 1 − e^(−9.5t) (cos 3.12t + 3.04 sin 3.12t)
```

कागदावर याला ओव्हरशूट आहे, पण ०.००७ टक्के. पाच व्होल्टला एक मिलिव्होल्टही नाही, साधारण ०.३५ मिलिव्होल्ट. व्होल्टला एक चौकोन अशा स्केलवर ते दिसणं शक्यच नव्हतं. प्रवाहाचं सूत्रही त्याच मुळांवरून लिहून पाहिलं: ०.१ मिलिसेकंदाला १९ मिलिअँपिअर. गुणिले ५० ओहम, ०.९५ व्होल्ट. टर्मिनलवर दिसलेला खड्डा तेवढाच होता.

बॉक्स १२० वरून ५० ओहमवर आणला, म्हणजे एकूण रोध खरोखर १२० झाला. ट्रेसला लगेच टोक आलं, ५.४५ च्या आसपास, ०.४ मिलिसेकंदाला. कॉइलच्या गाभ्यातली हानी मल्टिमीटर दाखवत नाही, म्हणून टोक हिशेबापेक्षा किंचित कमी असणंच स्वाभाविक.

वेळ उरला होता, म्हणून बॉक्सवर १३० लावून एकूण २०० ओहम केले. आता छेद होतो s(s+10)², मूळ दुहेरी. इथे पार्शल फ्रॅक्शनमध्ये s+10 चं एक घाताचं पदही लिहावंच लागतं. ते विसरलं तर दोनच पदांत सहगुणक जुळत नाहीत, आणि तरीही रेटून इन्व्हर्स घेतला तर t = 0 ला उत्तर शून्याऐवजी १ येतं. नीट लिहिलं की मिळतं:

```
c(t) = 1 − e^(−10t) (1 + 10t)
```

एका सूत्रात कोसाइन-साइन, दुसऱ्यात त्यांचा मागमूसही नाही. तरी १९० आणि २०० ओहमचे ट्रेस एकमेकांवर ठेवले तर डोळ्याला फरक कळत नव्हता. ०.२ मिलिसेकंदाला हिशेबानं एक ३.०६ व्होल्ट होता आणि दुसरा २.९७.