आमची वाटचाल : देणगीची पाटी आणि तिच्यावरचा मजकूर

आमचे दुकान वह्या, लेखण्या आणि चित्रकलेच्या साहित्याचे आहे. सुरुवातीचा काळ माल, उधारी आणि भाडे यांचा मेळ घालण्यातच गेला. तो बऱ्यापैकी बसल्यावर, विक्रीतला काही वाटा मुलांसाठी फिरते वाचनालय चालवणाऱ्या एका संस्थेला द्यावा, असे माझ्या भागीदारांनी आणि मी ठरवले. देणगी द्यायची हे एकाच बैठकीत ठरले; ती ग्राहकांना कोणत्या शब्दांत सांगायची, यावर मात्र आमच्या बऱ्याच बैठका झाल्या. आजही नवी योजना आखताना आम्ही सर्वाधिक वेळ याच कामाला देतो, म्हणून या टिपणात त्याबद्दलच लिहीत आहे.

विक्रीला देणगीची जोड देण्याची पद्धत जुनी आहे. 1983 मध्ये अमेरिकन एक्सप्रेस कंपनीने न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या दुरुस्तीसाठी कार्डाच्या प्रत्येक वापरामागे एक सेंट आणि प्रत्येक नव्या कार्डामागे एक डॉलर देऊ केला होता. रक्कम अगदी लहान होती, पण ती सांगितलेली होती, आणि आमच्या मते त्या जाहिरातीतून उचलण्यासारखे तेवढेच होते.

पाटीसाठी पहिला मसुदा आला तो असा : ‘आपल्या खरेदीतील काही भाग समाजकार्यासाठी.’ वाक्य कानाला गोड आहे आणि खोटेही नाही, पण ‘काही भाग’ म्हणजे शंभरातला एक की वीस, हे ग्राहकाने आपापल्या मनाने ठरवायचे, आणि भला माणूस तो आकडा नेहमी जास्तच धरतो. दुसरा मसुदा होता ‘नफ्याच्या 10 टक्के रक्कम दान’. यात आकडा आहे, तरीही हा मसुदा पहिल्यापेक्षा अधिक फसवा आहे, असे आमच्या हिशेबनिसांनी कागदावर मांडून दाखवले. शंभर किमतीच्या वस्तूवर मालाचा खर्च साठ आणि भाडे, पगार व इतर खर्च बत्तीस धरला, तर निव्वळ नफा आठ उरतो आणि त्याचे दहा टक्के एकसुद्धा होत नाहीत. पाटी वाचणाऱ्याच्या डोक्यात मात्र शंभरातले दहा राहतात. शिवाय एखाद्या वर्षी नफाच झाला नाही, तर देणगी शून्य होईल आणि तरीही पाटी खरीच ठरेल. वाक्य खरे असूनही ऐकणाऱ्याची समजूत चुकत असेल, तर ते वाक्य वापरायचे नाही, असा नियम आम्ही तिथेच केला.

शेवटी आम्ही टक्केवारीच सोडली आणि नगामागे ठरावीक रक्कम धरली. टक्केवारी म्हटली की ती छापील किमतीवर की सवलतीनंतरच्या किमतीवर, कर धरून की वगळून, हे सारे सांगावे लागते आणि एवढा मजकूर पाटीवर कोणी वाचत नाही. योजना एकाच वस्तूपुरती, शंभर किमतीच्या वह्यांच्या संचापुरती ठेवली. पक्का झालेला मजकूर असा होता : ‘1 जून ते 31 ऑगस्ट या काळात विकल्या गेलेल्या वह्यांच्या प्रत्येक संचामागे आम्ही पाच इतकी रक्कम या संस्थेला देऊ. ही देणगी जास्तीत जास्त 2,000 संचांपर्यंत दिली जाईल. विक्री कितीही कमी झाली तरी किमान 600 संचांइतकी रक्कम देऊच. परत आलेले संच मोजले जाणार नाहीत. इतर वस्तूंच्या विक्रीतून देणगी दिली जात नाही.’ खाली संस्थेचे पूर्ण नाव होते.

यातल्या कमाल मर्यादेवर भागीदारांशी माझा थोडा वाद झाला. मर्यादा लिहिली तर आपण हात आखडता घेतो असे दिसेल, असे त्यांचे म्हणणे होते. पण मर्यादा आम्हाला हवीच होती, कारण त्यापलीकडची रक्कम आमच्या आवाक्यात नव्हती. आणि ती ठेवायची पण सांगायची नाही, तर 2,001वा संच घेणाऱ्याला आपल्या खरेदीतून देणगी जाते असे वाटत राहणार आणि प्रत्यक्षात काहीच जाणार नाही. त्यामुळे मर्यादा लिहिलीच, आणि आकडा गाठला की त्याच दिवशी पाटी उतरवायची असेही ठरवले. पाटी उतरेपर्यंत जे संच विकले जातील त्यांची देणगी मर्यादेबाहेर असली तरी द्यायची, हा आमचा आपसातला नियम. किमान रकमेचे कारण वेगळे आहे : संस्थेचे नाव तीन महिने आमच्या मालाशेजारी झळकणार, तर मंद विक्रीचा सगळा भार तिच्यावर पडू नये.

संस्थेशी लेखी करार केल्याशिवाय पाटी छापायला दिली नाही. नाव आणि बोधचिन्ह कुठे व किती काळ वापरायचे, रक्कम कधी पोचती करायची आणि हिशेब कोणत्या स्वरूपात द्यायचा, एवढेच त्यात होते. संस्थेच्या कोषाध्यक्षांनी मजकूर वाचून आमच्या जोडपत्रकातले एक वाक्य कापले. ‘एक संच घ्या, एका मुलाला पुस्तक मिळेल’ असे ते होते. ‘तुमच्या पैशातून आम्ही वाहनात इंधनही भरू आणि फळ्याही दुरुस्त करू. एका संचाचे एक पुस्तक होत नाही. ते आम्हाला लिहू देता येणार नाही,’ असे त्या म्हणाल्या. त्याऐवजी ‘वाचनालयाच्या एकूण खर्चासाठी’ असे शब्द आले. विक्रीच्या दृष्टीने ते फिके आहेत, पण पैसा जातो तिथेच बोट दाखवतात.

गल्ल्यावर एक प्रश्न वारंवार येई : ‘मग देणगीची पावती मला मिळेल का?’ याचे उत्तर स्पष्ट असले पाहिजे. ग्राहक वस्तू विकत घेतो. देणगी दुकान देते, म्हणून पावती दुकानाच्या नावाने होते आणि ग्राहकाला देणगीवरची करसवलत मागता येत नाही. बिलाची रक्कम वरच्या पूर्ण आकड्यापर्यंत नेऊन फरक संस्थेला देण्याची सोय काही दुकाने ठेवतात. तिथे पैसा ग्राहकाचा असतो आणि दुकान फक्त तो पोचवते. त्या पैशाला ‘आमची देणगी’ म्हणणे आम्हाला पटत नाही, त्यामुळे ती सोय आम्ही या पाटीत मिसळली नाही.

हिशेबासाठी संचाला वेगळा सांकेतिक क्रमांक दिला, म्हणजे विक्री आणि परतीचे नग यंत्रातून आपोआप निराळे निघत. मुदत संपताना 1,460 संच विकले गेले होते, त्यांपैकी 38 परत आले. उरलेल्या 1,422 संचांचे, प्रत्येकी पाचप्रमाणे, 7,110 झाले. दुसऱ्याच दिवशी पाटी काढली. मात्र परतीची मुदत संपेपर्यंत थांबून मगच रक्कम पाठवली, नाहीतर आकडा पुन्हा दुरुस्त करावा लागला असता. पाटीच्या जागी दुसरा कागद लावला. त्यावर विकलेले, परत आलेले आणि मोजलेले संच, दिलेली रक्कम, ती दिल्याची तारीख आणि संस्थेच्या पावतीचा क्रमांक एवढेच होते. एका ग्राहकाने तो वाचून ‘एवढेच?’ असे विचारले. आम्ही ‘एवढेच’ म्हणालो, आणि कागद पाटीइतकेच दिवस लावून ठेवला.